फोन-लॅपटॉप किती वर्षं वापरायचा आणि पुढच्यासाठी दरमहा किती बाजूला ठेवायचे

फोन किंवा लॅपटॉप आपण घेतो त्या दिवशीच त्याच्या निवृत्तीचा महिना बऱ्यापैकी ठरलेला असतो. तो महिना आपण शोधत नाही, एवढंच. मग एखाद्या दिवशी स्क्रीन काळी होते, हातात पैसे नसतात आणि दुकानात उभ्या उभ्या हप्त्यांवर जे मिळेल ते घ्यावं लागतं. हा महिना कसा शोधायचा आणि तोपर्यंत पैसे कसे जमवायचे, हे एका उदाहरणाच्या आधाराने पाहू.

समजा, नाशिकला एक बाई घरून हिशेबाची कामं करतात. टॅलीत नोंदी, जीएसटी रिटर्न, जुलै ते सप्टेंबर आयकर विवरणपत्रांची गर्दी. त्यांचा लॅपटॉप जून २०२१ चा, तेव्हा ४८ हजारांना घेतलेला. फोन नोव्हेंबर २०२३ चा, १८ हजारांचा, त्यातच बँकेची अॅपं आणि सगळ्या ग्राहकांचं व्हॉट्सॲप. आज जानेवारी २०२६ संपत आला आहे आणि फेब्रुवारीपासून या दोन्हीसाठी मिळून दरमहा २,५०० रुपये बाजूला काढणं त्यांना जमणार आहे.

पहिलं काम: फोनची सुरक्षा अपडेट कधी संपतात ते शोधा

फोनच्या बाबतीत सगळ्यात पक्की तारीख हीच. अँड्रॉइडमध्ये त्रुटी सापडत राहतात आणि फोन बनवणारी कंपनी त्या बुजवणारी अपडेट पाठवत राहते. ती थांबली की फोन चालतो, पण नव्या त्रुटी उघड्याच राहतात. ज्या फोनवरून यूपीआय आणि नेटबँकिंग होतं, त्याच्यासाठी ही रेघ मी शेवटची मानते.

अॅपं चालतायत म्हणजे फोन सुरक्षित आहे, असं समजू नका. २०२५ च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ ला रजा दिली, पण २०१४ मधल्या अँड्रॉइड ५ वर ते सुरूच ठेवलं. सुरक्षा अपडेट बंद होऊन कितीतरी वर्षं झालेल्या फोनवरही व्हॉट्सॲप चालू शकतं, ते असं.

आपल्या फोनचं पाहायचं तर Settings > About phone > Android version इथे जा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. तिथे Android security update किंवा Android security patch level या ओळीत एक तारीख दिसेल. ती एक-दोन महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. पाच-सहा महिने जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर मुदत संपली असण्याची शक्यता मोठी. जवळच Google Play system update अशी दुसरी ओळ असते. ती गूगलकडून वेगळी येते आणि जुन्या फोनवरही बदलत राहते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

मुदत किती ते कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने शोधायचं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनांत अनेकदा दोन, तीन किंवा चार वर्षं असतात. ॲपल आधी आकडा जाहीर करत नाही, पण अंदाज बांधता येतो: २०२५ च्या आयओएस २६ मध्ये २०१८ चा आयफोन एक्सएस वगळला गेला, २०१९ चा आयफोन ११ राहिला.

बहुतेक जण चुकतात ते पुढच्या गोष्टीत. ही वर्षं सहसा मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलंत त्या दिवसापासून नाही. आपल्या उदाहरणातला फोन नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, पण मॉडेल एप्रिल २०२३ चं आणि शब्द चार वर्षांचा. म्हणजे त्याची अपडेट एप्रिल २०२७ ला संपतात. हातात चार वर्षं आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात जेमतेम साडेतीन मिळाली. फोन बदलण्याचा महिना ठरला: एप्रिल २०२७.

लॅपटॉपची तारीख तीन गोष्टींवर ठरते

लॅपटॉपला अशी एकच पक्की तारीख नसते. विंडोज, बॅटरी आणि कामाचा भार, या तिन्हींकडे पाहावं लागतं.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप इथेच अडतात. आपल्या बाईंचा लॅपटॉप अकराव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ व्यवस्थित चालतं. ही रेघ त्यांना सध्या लागू नाही.

बॅटरीची तब्येत अंदाजाने ठरवू नका, लॅपटॉपलाच विचारा. Command Prompt उघडा आणि हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे साठवली ते स्क्रीनवर येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा आणि DESIGN CAPACITY व FULL CHARGE CAPACITY या दोन ओळी पाहा. पहिली नव्या बॅटरीची क्षमता, दुसरी आजची. उदाहरणातल्या लॅपटॉपवर ४१,००० आणि २३,४०० असे आकडे आले, म्हणजे ५७ टक्के उरली. घरात प्लगला लावून काम होईल, पण नाशकात भर दुपारी वीज गेली आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख असली तर एवढ्यावर भागणार नाही. इथे दुखतंय ते बॅटरीचं, लॅपटॉपचं नाही. (आयफोनवर असाच आकडा Settings मध्ये Battery खाली Battery Health मध्ये दिसतो.)

एका बाबतीत मात्र हिशेब करत बसू नका. टचपॅड वर उचलला गेला, लॅपटॉपचं खालचं झाकण फुगलं किंवा फोनची मागची काच सुटायला लागली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, यंत्र बंद करा आणि दुरुस्तीला न्या. तिला टोचून, दाबून पाहू नका, आग लागू शकते.

राहिला कामाचा भार. 'लॅपटॉप हळू झाला' ही तक्रार खरी असते, पण बऱ्याचदा कारण साधं निघतं. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. एसएसडी असेल तर काम चालू असताना Task Manager मधला Memory चा आकडा पाहा. तो सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम कमी पडतेय. मात्र अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही. मॉडेलचं नाव टाकून रॅमची रिकामी जागा आहे का ते आधी बघा. आपल्या उदाहरणात आठ जीबी रॅम आहे, टॅली आणि ब्राउझर मिळून ७० टक्क्यांवर जात नाहीत. तेव्हा काही वाढवायचं नाही.

दुरुस्ती करायची की नाही: महिन्याचा भाव काढा

'दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या' हे सगळे सांगतात. मला ते अपुरं वाटतं, कारण त्यात उरलेलं आयुष्यच मोजलेलं नाही. मी दोन भाव शेजारी मांडते. एकीकडे दुरुस्तीचा खर्च भागिले त्यामुळे मिळणारे महिने. दुसरीकडे नव्या वस्तूची किंमत भागिले ती जितके महिने चालेल ते.

लॅपटॉपची बॅटरी चार हजारांना पडेल आणि त्याने आणखी २८ महिने निघतील असं धरू. महिन्याला १४३ रुपये. नवा लॅपटॉप ६० हजारांचा, सात वर्षं चालला तर महिन्याला ७१४ रुपये. बॅटरी बदलायची, यात विचार करण्यासारखं काहीच नाही.

आता फोनची स्क्रीन फुटली असं समजा, ऑगस्ट २०२६ मध्ये. खर्च साडेसात हजार आणि अपडेट संपायला आठ महिने. महिन्याला ९३७ रुपये पडले. साडेपाच वर्षं चालणारा २२ हजारांचा फोन महिन्याला ३३३ रुपयांना पडतो. साडेसात हजार हे २२ हजारांच्या निम्म्याहून कमीच आहेत, म्हणजे तो प्रचलित नियम दुरुस्ती करायला सांगेल. हा हिशेब सांगतो की ते पैसे नव्या फोनमध्ये घाला.

याला एक मर्यादा आहे. दोष एकच आणि नक्की माहीत असला, तरच हा हिशेब धरायचा. मदरबोर्ड जाऊन-येऊन असेल, एकदा दुरुस्त होऊन पुन्हा बिघडला असेल, तर 'किती महिने मिळतील' याचं उत्तर कुणाकडेच नसतं. तिथे पैसे घालू नका.

नवं घेतानाही हाच भाव काढावा. सेलमध्ये मागच्या वर्षीचं मॉडेल २० हजारांना मिळतंय आणि त्याची तीनच वर्षं अपडेट उरली आहेत, तर महिन्याला ५५५ रुपये. शेजारी २४ हजारांचा नवा फोन, सहा वर्षं शिल्लक, तर ३३३. स्वस्त वाटणारा फोन इथे महाग पडतो.

आता पैशांचं गणित

सूत्र सोपं आहे: नव्याची किंमत, वजा आतापर्यंत जमलेले, भागिले उरलेले महिने. किंमत आज त्या दर्जाच्या वस्तूची जी असेल ती घ्यायची आणि त्यात दहा टक्के वाढवायचे. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिप महागल्या आणि त्याचा भार फोन, लॅपटॉप दोन्हींच्या किमतींवर आला, त्यामुळे हे दहा टक्के कमीत कमी समजा. कव्हर, काच, लागत असेल तर चार्जर, हे किमतीतच धरा. जुन्या वस्तूचे एक्सचेंजमध्ये मिळणारे पैसे मात्र शून्य धरा. त्या दिवशी स्क्रीनवर एक ओरखडा असला तरी ती रक्कम उतरते.

बाईंचा फोन: साधारण २० हजारांच्या दर्जाचा, दहा टक्के वाढवून २२ हजार. फेब्रुवारी २०२६ ते एप्रिल २०२७ हे १५ महिने. म्हणजे दरमहा १,४६७, गोल करून १,५००.

लॅपटॉप: आजचा ५५ हजारांचा, वाढवून साधारण ६० हजार. सात वर्षं धरून जून २०२८ ठरवला तर मे २०२८ पर्यंत २८ महिने, दरमहा २,१४३. बॅटरीचे चार हजार वेगळेच.

दोन्ही मिळून ३,६०० च्या पुढे गेलं आणि बाईंकडे आहेत २,५००. बहुतेक घरांत असंच होतं आणि इथेच माणसं बेत सोडून देतात. त्याऐवजी तारखा पुढे-मागे करून पाहायच्या. फोनची तारीख सरकत नाही, तेव्हा १,५०० त्याला. उरलेले १,००० लॅपटॉपला. पहिल्या चार महिन्यांच्या ४,००० मधून मे अखेर बॅटरी बदलायची, म्हणजे विवरणपत्रांच्या गर्दीआधी ती बसलेली असेल. एप्रिल २०२७ पर्यंत लॅपटॉपच्या खात्यात ११ हजार उरतात आणि फोनचे २२,५०० पूर्ण होतात.

मे २०२७ पासून चित्र बदलतं. नवा फोन साडेपाच वर्षं अपडेट शिल्लक असलेला घेतला, तर त्याच्या पुढच्या फोनसाठी ६६ महिने मिळतात. तेव्हाच्या २५ हजारांना ६६ ने भागलं की ३७९, म्हणजे महिन्याला ४०० पुरेत. लॅपटॉपला २,१०० मोकळे झाले. त्यात हंगामाच्या जादा कमाईतून २०२६ आणि २०२७ मध्ये आठ-आठ हजार घातले, की ऑगस्ट २०२८ अखेर लॅपटॉपच्या खात्यात ११,००० अधिक १६,००० अधिक १६ महिन्यांचे ३३,६००, म्हणजे ६०,६०० होतात. जूनऐवजी हंगाम संपल्यावर, दिवाळीच्या आधी नवा लॅपटॉप. हंगाम चालू असताना यंत्र बदलायचं नाही, हे हिशेबाची कामं करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या बेतात कच्चा दुवा एकच: हंगामातले आठ हजार. एका वर्षी ते नाही जमले तर लॅपटॉपची तारीख साधारण चार महिने पुढे जाते. विंडोज ११ चालू आहे आणि बॅटरी नवी आहे तोवर ते परवडतं.

पैसे ठेवायचे कुठे

घरखर्चाच्या खात्यात ठेवले तर ते उरत नाहीत. फोनसारख्या ठरलेल्या महिन्यांच्या बेताला बँकेचं आवर्ती ठेव खातं, म्हणजे आरडी, चांगलं. पगार किंवा पैसे येतात त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख द्या. १,५०० ची १५ महिन्यांची आरडी इथे नेमकी बसते. व्याज थोडंच मिळतं, पण कव्हर आणि काच त्यात निघते.

लॅपटॉपच्या रकमेत चढ-उतार आहे आणि मध्येच बॅटरीसाठी पैसे काढायचे आहेत. आरडीचा हप्ता ठरलेला असतो आणि चुकला तर अनेक बँका दंड लावतात. त्यामुळे त्याला वेगळं बचत खातं बरं, ज्याचं यूपीआय जोडलेलं नाही असं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, तीन वर्षांआधी मोडता येत नाही आणि मोडली तर बचत खात्याचंच व्याज मिळतं. दोन वर्षांच्या बेताला ती बसत नाही. शेअर बाजाराच्या एसआयपीतही हे पैसे नकोत. ज्या महिन्यात फोन घ्यायचा, त्याच महिन्यात बाजार खाली असू शकतो.

रोज रोख कमाई असणाऱ्या दुकानदाराला पिग्मी सोयीची पडते, रोज पन्नास रुपये दिले तर महिन्याला दीड हजार सहज होतात. व्याज कमी असतं आणि मुदतीआधी काढल्यावर कपात होते, ते आधी विचारून घ्या. पिग्मी पतसंस्थेची असेल तर लक्षात ठेवा की बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. भिशीबद्दल अनेक जणी विचारतात. चिठ्ठी टाकून नंबर निघत असेल तर तारीख आपल्या हाती राहत नाही. नंबर आधीच ठरवून घेता येत असेल आणि गट जुना, ओळखीचा असेल, तर चालेल.

हप्त्यांवर घेतलं तर काय बिघडतं?

'नो कॉस्ट ईएमआय' मध्ये व्याज असतंच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. सहसा विक्रेता व्याजाएवढी सूट आधी देतो आणि बँक व्याज लावते. २४ हजारांचा फोन १२ हप्त्यांत, दर १५ टक्के धरला, तर व्याज सुमारे १,८४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३३० च्या घरात. तो जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या खिशातून जातं, म्हणजे पाच-सहाशे रुपये. रोखीची सूट जाते ती वेगळी. रकमेपेक्षा मोठा तोटा दुसरा आहे. सातव्या महिन्यात फोन पडून फुटला तरी हप्ते चालूच राहतात. आधी साठवलेले असले तर तेच पैसे अडीअडचणीला हाताशी असतात, आणि फोन एप्रिलऐवजी डिसेंबरमध्ये गेला तरी निम्म्याहून जास्त रक्कम तयार असते.

महिना उजाडल्यावर

ठरलेला महिना आला आणि यंत्र ठणठणीत असलं तर काय? फोनची अपडेट संपली असतील तर बँकेची अॅपं आणि मुख्य सिम नव्या फोनवर न्या. जुना फोन रीसेट करून घरात गाणी ऐकायला ठेवता येतो, पण मुलांच्या हाती देताना त्यात आपलं गूगल खातं आणि यूपीआय ठेवू नका. लॅपटॉपला अपडेट मिळत असतील, बॅटरी ७० टक्क्यांच्या वर असेल आणि काम अडत नसेल, तर खरेदी सहा महिने पुढे ढकला आणि दरमहाची रक्कम थांबवू नका. त्या सहा महिन्यांत आपल्या बाईंच्या खात्यात आणखी १२,६०० पडतात, आणि तेवढ्यात १६ जीबी रॅमचा लॅपटॉप घेता येतो.

वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या सुमारास म्हणा, चार गोष्टी पुन्हा पाहा: सुरक्षा अपडेटची तारीख, बॅटरीचा अहवाल, त्याच दर्जाच्या वस्तूची बाजारातली किंमत आणि खात्यातली रक्कम. किंमत वाढली असेल तर वाढलेला फरक उरलेल्या महिन्यांनी भागून दरमहाच्या रकमेत मिळवा. हे सगळं वहीच्या एका पानावर, खरेदीच्या बिलाच्या प्रतीसोबत ठेवा. वॉरंटीसाठी ते बिल लागतंच, आणि मॉडेलचा नेमका क्रमांकही त्याच बिलावर असतो.